नळावरचा आणि शॉवरमधला क्षार: किती अ‍ॅसिड, किती वेळ, आणि कशाला लावायचं नाही

प्रश्न: आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. रिपोर्टमध्ये हार्डनेस ४८० आलाय. शॉवरच्या अर्ध्या भोकांतून पाणी येत नाही, उरलेल्यांतून तिरकं उडतं. बेसिनच्या नळाला बुडाशी सिमेंटसारखा पांढरा थर बसलाय. व्हिनेगरचं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं तर थर थोडा निघाला, पण नळावर राखाडी डाग पडला. संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरलं तर चालेल का? आणि सॉफ्टनर बसवावा का?

उत्तर:

संडासाचं अ‍ॅसिड नळाला अजिबात लावू नका. सॉफ्टनरचं उत्तर शेवटी देतो, कारण त्याला थोडा हिशेब लागतो. आधी तुमचा व्हिनेगरचा प्रयोग का फसला ते पाहू. त्यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि बहुतेक घरांत त्याच होतात: अ‍ॅसिड कमी पडतं आणि वेळ जास्त होतो.

४८० हा आकडा दर लिटरमागे ४८० मिलिग्रॅम असा असतो, आणि तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंतचं पाणी चांगलं मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे तुमचं पाणी पिण्याच्या दृष्टीने मर्यादेत असलं तरी नळांच्या दृष्टीने बरंच जड आहे. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे ते हेच. एक लिटर पाणी पूर्ण आटवलं तर जवळजवळ अर्धा ग्रॅम पांढरी पूड मागे राहील.

आता बेसिनचा नळ बघा. प्रत्येक वेळी हात धुतला की नळाच्या अंगावर, मुठीखाली आणि बुडाच्या कडेला मिळून मिलिलिटरभर पाणी राहतं. दिवसात वीस वेळा नळ वापरला तर वीस मिलिलिटर पाणी तिथेच वाळतं आणि जवळपास दहा मिलिग्रॅम क्षार सोडून जातं. वर्षाचे साडेतीन ग्रॅम झाले. थर वाहत्या पाण्याने बसत नाही, वाळणाऱ्या पाण्याने बसतो. म्हणून तो नळाच्या मधल्या गुळगुळीत भागावर कमी असतो, आणि बुडाच्या कडेला, तोटीच्या ओठावर, शॉवरच्या भोकांच्या तोंडाशी जास्त असतो. थेंब जिथे थांबतो तिथे क्षार साठतो.

गीझरमधला क्षार वेगळ्या वाटेने येतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट एलिमेंटवर आणि टाकीत बसतं. तिथून सुटलेले खवले गरम पाण्याबरोबर शॉवरमध्ये येऊन अडकतात. म्हणजे शॉवर दोन बाजूंनी बंद पडतो: तोंडाशी वाळलेल्या क्षाराने आणि आतून गीझरच्या खवल्यांनी. यातला दुसरा प्रकार शॉवरला व्हिनेगर भरलेली पिशवी बांधायच्या नेहमीच्या उपायाने निघत नाही, हे पुढे लागेल म्हणून लक्षात ठेवा.

अ‍ॅसिड किती लागतं

क्षार अ‍ॅसिडमध्ये विरघळतो म्हणजे अ‍ॅसिड त्यात खर्च होतं. ते काही अक्षय्य पात्र नव्हे. दहा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला बारा ग्रॅम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लागतं. आपल्याकडच्या किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये ते साधारण ४ टक्के असतं, म्हणजे बारा ग्रॅमसाठी ३०० मिलिलिटर व्हिनेगर पूर्णपणे खर्ची पडायला हवं. आणि ते पूर्ण खर्ची पडत नाहीच, कारण अ‍ॅसिड कमी होत गेलं की वेगही मंदावतो.

आता शॉवरला बांधायची ती प्लॅस्टिकची पिशवी आठवा. तिच्यात कपभर, म्हणजे १०० मिलिलिटर व्हिनेगर राहतं. त्यात चार ग्रॅम अ‍ॅसिड, ते विरघळवणार फार तर सव्वातीन ग्रॅम क्षार. तुमच्या शॉवरमध्ये बारा ग्रॅम क्षार आहे असं धरलं तर पिशवी रात्रभर सोडा, आठवडाभर बांधून ठेवली तरी पाऊण भाग क्षार तसाच राहील. अर्धं लिंबू चोळायचा उपाय तर त्याहून तोकडा: त्यातून निघणाऱ्या दहा मिलिलिटर रसात जेमतेम अर्धा ग्रॅम क्षार विरघळतो. ताज्या ठिपक्यांना लिंबू छान आहे, जुन्या थराला नाही.

म्हणून मी व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड वापरायला सांगतो. ढोकळ्यात आणि सरबतात घालतात तेच, पांढऱ्या दाणेदार साखरेसारखं दिसणारं. वास येत नाही, स्वस्त पडतं आणि द्रावण आपल्याला हवं तेवढं तीव्र करता येतं. दहा ग्रॅम क्षाराला चौदा ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं. बारा ग्रॅमला सतरा. प्रत्यक्षात हिशेबाच्या तिप्पट घ्यायचं, म्हणजे ५० ग्रॅम, आणि ते एक लिटर कोमट पाण्यात विरघळवायचं. हे झालं ५ टक्क्यांचं द्रावण. घरातल्या सगळ्या नळांना आणि शॉवरला हे एकच प्रमाण पुरतं.

पाणी कोमटच हवं, उकळतं नको. हात सहज बुडवता येईल इतपत. उकळत्या पाण्यात काम लवकर होईल असं वाटतं, पण सायट्रिक अ‍ॅसिड आणि क्षार मिळून जे कॅल्शियम सायट्रेट तयार होतं ते गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं. मग जाळीवर एक नवीनच पांढरट पीठ बसतं. द्रावणात वस्तू रात्रभर विसरून राहिली तरी हेच होतं. लोक म्हणतात, ‘लिंबूसत्त्वाने उलट जास्त पांढरं झालं’. कारण हे असतं.

अ‍ॅसिड आधी संपलं का क्षार, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. वस्तू द्रावणात टाकल्यावर बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की द्रावणातलं चमचाभर पाणी वाटीत काढा आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फसफसलं तर अ‍ॅसिड अजून शिल्लक आहे, म्हणजे क्षार संपला किंवा जे उरलंय ते कार्बोनेट नाही. फसफसलं नाही तर अ‍ॅसिड मेलं, द्रावण फेकून नवीन करा. सोड्याचा उपयोग एवढाच. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून नळाला फासायचा जो उपाय सगळीकडे फिरतो, त्यात दोघे एकमेकांना मारून टाकतात. फेस भरपूर दिसतो आणि क्षाराला काहीही होत नाही.

वेळ किती

राखाडी डाग कसा पडला ते आता सांगतो. तुमचा नळ पितळेचा आहे. त्यावर निकेलचा थर आणि निकेलवर क्रोमचा अगदी पातळ थर असतो, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. चमक निकेल-क्रोमची, ताकद पितळेची. क्रोमच्या थराला डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. व्हिनेगरचं फडकं अर्धा तास ठेवलं तर काही होत नाही, पण रात्रभर ठेवलं की अ‍ॅसिड त्या छिद्रांतून खाली झिरपतं आणि निकेलला चावतं. फडक्याच्या कडेला, जिथे अ‍ॅसिड आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे हे सगळ्यात जास्त होतं. म्हणून डाग बहुतेक वेळा फडक्याच्या कडेच्या आकाराचा दिसतो. तुमचाही तसाच असेल तर तो घासून जाणार नाही. तिथला निकेल बदललेला आहे. त्यावर कसलंही पॉलिश फासू नका, पॉलिशने उरलेला क्रोमही झिजेल. नळाच्या कामात त्याने फरक पडत नाही.

संडासाच्या अ‍ॅसिडला मी सुरुवातीलाच नाही म्हटलं त्याचं कारणही हेच. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते क्षार दोन मिनिटांत उडवतं खरं, पण क्रोमही विरघळवतं, पितळेतलं जस्त ओढून काढतं आणि नळ आतून पोकळ, तांबूस, ठिसूळ होतो. त्याची नुसती वाफही जवळच्या नळांना आणि स्टीलच्या टॉवेल रॉडला डाग पाडते. आणि ते ब्लीचिंग पावडरच्या किंवा ब्लीचच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वसुद्धा मिसळायचं नाही.

क्रोमच्या नळाला ५ टक्क्यांचं द्रावण एका वेळी पंधरा ते वीस मिनिटं. मग भरपूर पाण्याने धुवायचं. थर उरला तर पुन्हा नव्या द्रावणाची पट्टी, पुन्हा पंधरा मिनिटं. चार छोट्या खेपा चालतात, एक लांबलचक खेप नाही. काळे मॅट, सोनेरी, रोज गोल्ड किंवा अँटिक पितळी नळ असतील तर त्यांना अ‍ॅसिड लावूच नका. तिथे फक्त साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं.

बेसिनचा नळ, बुडाच्या थरासकट

कामाला हात घालण्याआधी नळ कशावर बसवलाय ते बघा. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे होणारं नुकसान नळाच्या किमतीच्या कितीतरी पट असतं. संगमरवर, कडप्पा, कोटा, शहाबादी फरशी हे सगळे चुन्याचेच दगड आहेत. म्हणजे नळावरचा क्षार आणि खालचा ओटा हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिडला त्यांच्यातला फरक कळत नाही. काळ्या कडप्प्यावर लिंबूसत्त्वाचा एक थेंब पाच मिनिटं राहिला तरी पांढरट, खडबडीत खूण कायमची राहते. सिरॅमिकचं बेसिन आणि ग्रॅनाइट यांना धोका नाही, पण टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांना आहे. दगडी ओटा असेल तर नळाच्या भोवती ओल्या फडक्याचं जाड कडं करा, अ‍ॅसिड अगदी निथळलेल्या टिश्यूने लावा, आणि एक थेंब जरी बाहेर गेला तरी लगेच पुसा.

पट्टी लावायची ती अशी. टिश्यू किंवा जुन्या सुती कापडाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या द्रावणात बुडवून हलक्या पिळून घ्या आणि क्षार आहे तिथेच गुंडाळा. सगळा नळ झाकायची गरज नाही. वरून प्लॅस्टिकची पातळ पिशवी दाबून लावा, म्हणजे पट्टी वाळणार नाही. पट्टी वाळली की अ‍ॅसिड तीव्र होतं आणि पुन्हा तोच डाग. पंधरा मिनिटांनी काढा, जुन्या टूथब्रशने कडेकडेने घासा, धुवा.

बुडाचा थर जाड असतो, दोन-तीन मिलिमीटरचाही असू शकतो. तो एका खेपेत जात नाही. पहिल्या खेपेनंतर वरचा थर दह्यासारखा मऊ होतो. तेवढाच आइस्क्रीमच्या काडीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून घ्यायचा आणि पुढची पट्टी लावायची. सुरी, पेचकस, तारेची घासणी आणि खरबरीत हिरवी घासणी दूर ठेवा. घासणीने चकचकीत दिसतं ते दोन आठवडेच, कारण तिने पाडलेल्या ओरखड्यांत पाणी आणखी धरून राहतं आणि थर पूर्वीपेक्षा लवकर बसतो. थराला हिरवट-निळी झाक असेल तर तो नुसता क्षार नाही. तिथे पितळ झिजतंय, बहुतेक बुडातून किंवा मुठीतून बारीक गळती आहे. आधी ती शोधा.

तोटीच्या टोकाला जी जाळी असते, तिला प्लंबर एरेटर किंवा फोमची जाळी म्हणतात. नळाची धार तिरकी किंवा बारीक झाली तर पहिला संशय तिच्यावर घ्यायचा. बेसिनचं भोक कापडाने बंद करा, कारण यातला एक तरी वॉशर निसटून आत जातोच. जाळीला फडकं गुंडाळून हाताने फिरवा, नाही हललं तर फडक्यावरूनच पाना हलका लावा. काही नळांत जाळी तोटीच्या आत लपलेली असते आणि तिला नळाबरोबर मिळालेली प्लॅस्टिकची छोटी चावी लागते. ती नसेल तर पक्कड घालू नका, आटे जातात.

बाहेर काढल्यावर सुटे भाग काढायच्या क्रमाने ओळीत ठेवून एक फोटो घ्या: रबरी वॉशर, बारीक गाळणी, भोकांची चकती, जाळी, वरचं कवच. गाळणीवर वाळू आणि खवले असतात, ते नुसत्या पाण्याखाली उलट बाजूने धुवा, त्यांच्यावर अ‍ॅसिड वाया घालवू नका. मग प्लॅस्टिकचे भाग वाटीभर द्रावणात अर्धा तास, क्रोमचं कवच पंधरा मिनिटं. परत बसवण्याआधी जाळीशिवायच नळ दहा सेकंद पूर्ण सोडा, पाइपातली घाण निघून जाते. बसवताना हातानेच आवळा. चकती उलटी बसली तर धार फवाऱ्यासारखी फुटते. तसं झालं तर फोटो बघा.

शॉवर

शॉवर काढून साफ केलेला बरा. पिशवी बांधून होतं ते फक्त बाहेरचं काम.

आधी एक मोजमाप घ्या. पंधरा लिटरची बादली शॉवरखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा. समजा सहा मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. मग शॉवर उतरवल्यावर नुसत्या दांडीतून तीच बादली भरून बघा. दोन मिनिटांत भरली तर अडथळा शॉवरमध्येच आहे. नुसत्या दांडीतूनही पाच मिनिटं लागत असतील तर शॉवर साफ करून काही मिळणार नाही. दोष मिक्सरच्या आतल्या जाळीत, अँगल कॉकमध्ये, पाइपात किंवा टाकीच्या दाबात आहे. ही चाचणी एकदा थंड आणि एकदा गरम पाण्यावर करा. फक्त गरमच कमी येत असेल तर गीझरकडे वळा.

काढताना एका हाताने भिंतीतून येणारी दांडी घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने शॉवरची चाकी फिरवा. हे महत्त्वाचं आहे. दांडी धरली नाही तर शॉवरऐवजी दांडीच भिंतीतल्या एल्बोमध्ये फिरते, तिथला टेफ्लॉन टेप सुटतो आणि पाणी भिंतीच्या आत झिरपायला लागतं. ते कळतं तेव्हा पलीकडच्या खोलीच्या भिंतीचा रंग फुगलेला असतो. चाकी क्षाराने धरली असेल तर जोडावर द्रावणाची पट्टी वीस मिनिटं ठेवा, मग पुन्हा प्रयत्न करा. ठोकाठोक करू नका.

शॉवर हातात आला की आधी आतली जाळी-वॉशर काढा आणि शॉवर उलटा धरून तळहातावर आपटा. खवले पडतील. मग भोकांच्या बाजूने पाणी आत सोडून मागून बाहेर काढा, दोन-तीन वेळा. खवला आतून येऊन भोकात अडकलेला असतो. सुईने ढकललं तर तो मागे सरकतो आणि नळ सोडला की परत येऊन बसतो. त्याला आल्या वाटेनेच बाहेर काढावं लागतं. प्लॅस्टिकच्या भोकांत सुई घातली की भोक एका बाजूने मोठं होतं आणि मग धार कायमची तिरकी.

आता एका पसरट टबात लिटरभर द्रावण घ्या आणि शॉवर भोकांची बाजू खाली करून ठेवा. आत हवा अडकली तर वरच्या भोकांपर्यंत द्रावण पोहोचत नाही, म्हणून तिरपा करून हलवा, बुडबुडे निघू द्या. पूर्ण प्लॅस्टिकचा शॉवर असेल तर चाळीस मिनिटं, क्रोमचा मुलामा असेल तर वीस-वीस मिनिटांच्या दोन खेपा, मध्ये धुणं. रबरी टोकांच्या शॉवरचं काम सोपं असतं: भिजल्यावर प्रत्येक टोक अंगठ्याने चोळलं की क्षाराची कडी सुटून पडते. कडक भोकांना टूथब्रश.

सोड्याची चाचणी करा. अ‍ॅसिड शिल्लक आहे आणि तरी काही भोकं पांढरीच आहेत, असं झालं तर ते बहुधा सल्फेट किंवा सिलिका आहे. आपल्याकडच्या बेसाल्टातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात सिलिकाही असते, आणि ती या अ‍ॅसिडांत विरघळत नाही. तिथे अ‍ॅसिड वाढवून उपयोग नाही, ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढा. अशी भोकं खूप असतील तर शॉवर बदला.

बसवण्यापूर्वी दांडीतून पाणी दहा-पंधरा सेकंद मोकळं सोडा. चाकीच्या आत रबरी वॉशर असेल तर गळती तोच थांबवतो, आट्यांवर टेपची गरज नसते. वॉशर कडक झाला असेल तर नवा घाला. मग पुन्हा बादली भरून वेळ मोजा. दोन-सव्वादोन मिनिटांवर आला तर काम झालं. पुढच्या वेळी साफ करायची तारीखही याच मोजमापाने ठरवा: तीन मिनिटं लागायला लागली की उतरवायचा. अंदाजाने ठरवलेले सहा महिने, वर्ष यांना अर्थ नाही, कारण टँकरच्या महिन्यांत पाणी बदलतं.

परत बसू नये म्हणून

सगळ्यात खात्रीचा उपाय तोच जो सांगायला साधा वाटतो: वाळण्याआधी पुसणं. बेसिनशेजारी एक छोटं सुती फडकं टांगा आणि रात्री शेवटच्या वापरानंतर नळाचं बूड, मुठीची खालची बाजू आणि तोटीचा ओठ एवढंच पुसा. दहा सेकंदांचं काम. दिवसभराचं पाणी अधूनमधून वाळतंच, पण रात्रीच्या सात-आठ तासांत पूर्ण वाळणारं पाणी निघून जातं आणि दिवसाचा ताजा क्षार फडक्यालाच येतो. कोवळा असताना तो पुसून जातो, जुना झाला की अ‍ॅसिड मागतो.

अंघोळ झाल्यावर शॉवर दोनदा झटका, रबरी टोकं असतील तर आठवड्यातून एकदा अंगठा फिरवा. हातशॉवर आणि संडासातला जेट अडकवताना तोंड खाली ठेवा. थेंब-थेंब गळणारा नळ लगेच दुरुस्त करा. गळका थेंब म्हणजे एकाच जागी चोवीस तास ओल, आणि क्षाराची सुळकी तिथेच वाढते. बहुतेक वेळा मुठीखालचं, पाणी चालू-बंद करणारं कार्ट्रिज खराब झालेलं असतं. मूठ जड फिरते पण गळत नाही, अशा वेळी मात्र कार्ट्रिज काढून अर्धा तास द्रावणात भिजवून बघण्यासारखं असतं.

गीझर ५० अंशांवर ठेवा. ६५-७० वर तापवून पुन्हा थंड पाणी मिसळण्याने टाकीत क्षार जास्त सुटतो आणि त्याचे खवले शॉवरकडे येतात.

नळावर गाडीच्या वॅक्सचा पातळ हात महिन्यातून एकदा दिला तर चालतो, क्रोमवरच. त्याने क्षार थांबत नाही, थेंब तिथेही वाळतोच, पण थर घट्ट धरत नाही आणि फडक्याने निघतो.

सॉफ्टनर

शॉवरच्या पाइपाला लावायच्या छोट्या फिल्टरबद्दल आधी बोलतो, कारण जाहिराती त्यांच्याच जास्त दिसतात. हार्डनेस खरोखर काढणारी गोष्ट म्हणजे आयन बदलणारे रेझिनचे मणी. एक लिटर रेझिन एका खेपेत सुमारे ५० ग्रॅम हार्डनेस धरतं. छोट्या फिल्टरमध्ये अर्धा लिटर रेझिन असलं तर २५ ग्रॅम. तुमच्या ४८० च्या पाण्याला भागा: ५२ लिटर. साडेतीन बादल्यांनंतर ते भरलं, मग मिठाच्या पाण्याने धुवा. कोळशाचे किंवा ‘खनिज गोळ्यांचे’ फिल्टर क्लोरीन काढत असतील, हार्डनेस काढत नाहीत. चुंबकाच्या आणि तार गुंडाळायच्या यंत्रांनी पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही, त्यामुळे नळावर वाळणारा थेंब पूर्वीइतकाच क्षार सोडतो.

आता खरा सॉफ्टनर. चार माणसांचं घर, अंघोळ आणि बेसिन मिळून रोज ३०० लिटर धरू. रोजचा हार्डनेस १४४ ग्रॅम. २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर १२५० ग्रॅम धरतो, म्हणजे साधारण साडेआठ दिवस. दर सात दिवसांनी त्याला मिठाचं पाणी द्यायचं, एका खेपेला साधारण पावणेचार किलो मीठ. महिन्याला पंधरा-सोळा किलो. हे मीठ दर आठवड्याला कोणीतरी घालणार असेल, बाल्कनीत किंवा डक्टमध्ये जागा असेल, आणि धुण्याचं खारं पाणी ड्रेनेजला नेता येत असेल, तर बसवा. फक्त बाथरूमच्या आणि गीझरच्या लाइनला जोडा. स्वयंपाकघराचा नळ आणि कुंड्यांचा नळ बाहेर ठेवा, कारण कॅल्शियमच्या जागी पाण्यात सोडियम येतं. ते झाडांना मानवत नाही, आणि ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी ते पाणी पिऊ नये.

सॉफ्टनरनंतरही नळावर वाळलेल्या थेंबाची पांढरी खूण दिसेल. घाबरू नका, ती सोडियमच्या क्षारांची असते आणि ओल्या फडक्याने जाते. टीडीएस मीटर लावून सॉफ्टनर तपासू नका. त्यात आकडा जवळजवळ तेवढाच राहतो आणि माणूस फसवणूक झाली असं समजून भांडायला जातो. हार्डनेसचं थेंबांचं किट घ्या, मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतं. किंवा घरच्या घरी करा: बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा छोटा किसलेला तुकडा, झाकण लावून दहा वेळा हलवा. मऊ पाण्यात दाट फेस येतो आणि खालचं पाणी जवळजवळ नितळ राहतं. जड पाण्यात फेस बसतो आणि दह्याच्या पाण्यासारखा साका तरंगतो. ज्या दिवशी सॉफ्टनरच्या पाण्यात हा साका दिसेल त्या दिवशी मीठ घालायचं.